तिथी आणि तारीख यांच्यामध्ये

बुधवार, 30 एप्रिल 2025. वैशाख शुद्ध तृतीया

अक्षय्य तृतीया. बसवेश्वर जयंतीही आजच असते, त्यामुळे माधवनगरात सकाळपासून ढोल आणि पताका. दुपारी ऊन उतरायच्या आत वहिनींकडे जाऊन आलो. त्यांनी नवा माठ आणून रात्रभर भिजवून ठेवला होता. त्यात पाणी भरलं, वाळा टाकला, वर पानं आणि आंबा ठेवला. या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याचा कुंभ द्यायची रीत त्यांच्या घरात आधीपासून आहे. पूर्वी तो सासऱ्यांच्या नावानं निघायचा. आता त्याच माठावर आधी सासऱ्यांचं आणि मग त्यांच्या नवऱ्याचं, माझ्या मित्राचं नाव घेतात.

तो गेला 14 मे 2021 ला. त्या वर्षी अक्षय्य तृतीया त्याच तारखेला होती, ईदही होती, आणि सगळं गाव टाळेबंदीत दारं लावून बसलं होतं. त्याची वेळ दुपारी सव्वादोनची. भटजींनी फोनवर सर्वांत आधी तीच विचारली, कारण माणूस जातो त्या क्षणी जी तिथी चालू असेल ती श्राद्धासाठी धरतात, त्या दिवशी सूर्योदयाला कोणती होती ते पाहत नाहीत. तृतीया त्या दिवशी पहाटेच लागली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपली, म्हणून तिथीबद्दल वाद उरला नाही.

वहिनी तिथी पाळतात. थोरला मुलगा तारीख पाळतो, कारण त्याला कंपनीत रजा तारखेनं मिळते आणि वडिलांचा फोटो लोकांना 14 मे ला बघायची सवय झाली आहे. मायलेकांत यावरून पहिली दोन वर्षं कुरबूर होती, आता नाही. मी दरवर्षी त्याला एक पत्र लिहितो, ते तिथीला सुरू करतो आणि तारखेला पूर्ण करतो. दोन्हीमधले दिवस कधी थोडे असतात, कधी बरेच. त्या दिवसांत ही वही.

गुरुवार, 1 मे

काल निघताना वहिनींनी विचारलं, "भावजी, तिथी आणि तारीख परत एका दिवशी कधी यायच्या?" घरी येऊन जुनी पंचांगं काढली.

चंद्राची बारा महिन्यांची फेरी साधारण 354 दिवसांत संपते, सूर्याची 365 मध्ये. म्हणून तिथी दरवर्षी अकराएक दिवसांनी मागे सरकते. तो गेल्यानंतरच्या वर्षी, 2022 ला, अक्षय्य तृतीया 3 मे ला आली. 2023 ला 22 एप्रिलला. त्याच 2023 मध्ये अधिक श्रावण पडला, एक महिना मध्ये घुसला, आणि 2024 ची तृतीया परत पुढे येऊन 10 मे ला लागली. यंदा 30 एप्रिल. पुढच्या वर्षी 19 एप्रिल, म्हणजे तारखेपासून 25 दिवस आधी. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे खरा, पण तो वैशाखानंतर येतो, त्यामुळे त्याचा उपयोग 2027 ला दिसेल. एकोणीस वर्षांनी दोन्ही गणितं जवळजवळ जुळतात, फार तर एखाद्या दिवसाचा फरक राहतो. म्हणजे 2040 च्या आसपास. वहिनींना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तोवर माठ मी भरीन, नाहीतर सून भरेल."

वार्षिक श्राद्ध मुलानं करायचं. मित्राला तिथं हक्क नाही, आणि मला त्याबद्दल तक्रारही नाही. मात्र भाद्रपदातल्या महालयात पितरांची नावं संपली की यादी पुढे जाते: गुरू, आचार्य, शिष्य, आप्त, सखा. भटजींनी पहिल्या वर्षी मला विचारलं, "सख्याच्या जागी कुणाचं नाव घ्यायचं आहे का?" यादीत ही जागा आहे हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आता दर भाद्रपदात तीळपाण्याची एक ओंजळ त्याच्या नावानं सुटते. पण ओंजळीत बोलता येत नाही. त्यात नाव आणि गोत्र एवढंच मावतं, आणि गेल्या वर्षात काय झालं ते सांगायचं राहून जातं. पत्र त्यासाठी.

शनिवार, 3 मे

कागद काढले. रेघांचे फुलस्केप, एका बाजूला समास सोडायचा. तो हिशेबाच्या कागदाला कायम डावीकडे समास सोडायचा आणि नंतर त्या समासात प्रश्न लिहायचा. "हे कुणी घेतलं?" "याची पावती?" मी त्याच्या शेडचा दिवाणजी होतो आणि शाळेपासूनचा मित्रही, आणि ते प्रश्न मला चिडवायचे. पत्राला समास मी त्या प्रश्नांसाठी सोडतो. एक परिच्छेद लिहून झाला की थांबायचं आणि त्यानं समासात काय लिहिलं असतं ते लिहायचं. प्रश्न सुचला नाही तर समजायचं की परिच्छेद त्याला उद्देशून झालेला नाही, आपल्याच मनाशी झाला आहे. तो काढून टाकायचा.

दुसरी चाचणी वर्तमानपत्राची. सांगलीच्या पेपरांत रोज पुण्यस्मरणाच्या चौकटी असतात. माझं वाक्य त्यातल्या कुठल्याही फोटोखाली चाललं असतं तर ते पत्रात ठेवायचं नाही. दिलदार, हसतमुख, सर्वांना हवाहवासा: हे शब्द खोटे नाहीत, पण ते कुणालाही लागतात. तो हसतमुख नव्हता. तो कपाळावर आठी घालून मदत करायचा. वर्षं जातात तशी ती आठी पुसट होत जाते आणि माणूस गुळगुळीत व्हायला लागतो. गेलेल्या माणसाला पत्र लिहिण्यात सर्वांत मोठा धोका हाच आहे असं मला वाटतं. जिवंत माणूस आपल्याला मध्येच तोडतो, खोडतो. गेलेला तोडत नाही, म्हणून त्याच्या तोंडी आपलीच वाक्यं यायला लागतात.

गेल्या वर्षीचं पत्र यंदाचं लिहून होईपर्यंत उघडत नाही. उघडलं की त्याचा सूर लागतो आणि तेच पुन्हा लिहिलं जातं. लिहून झालं की मात्र सगळी पत्रं काढून शेजारी ठेवायची आणि एकच प्रसंग दोन पत्रांत दोन तऱ्हेनं आला आहे का ते बघायचं. आला असेल तर साक्षीदार शोधायचा.

यंदाची मुख्य बातमी ठरलेली आहे. माग विकले. ती कशी सांगायची यावर दोन दिवस अडलो आहे.

सोमवार, 5 मे

त्याचा पहिला प्रश्न दर भेटीत एकच असायचा, सूत काय भाव. दुसरा, मजुरी किती.

लिहिताना लक्षात येतं की त्याच्या नातवाला यातलं काही कळणार नाही, आणि ही पत्रं कधीतरी त्याच्याच हातात जाणार आहेत. म्हणून इथं लिहून ठेवतो. त्याचा धंदा जॉबचा होता. सूत व्यापाऱ्याचं. वहिफणी आणि सायझिंग होऊन भरलेलं बीम व्यापारी पाठवणार, बाण्याचं सूतही तोच देणार. शेड, माग, वीज आणि माणसं आपली. कापड विणून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. मजुरी पिकावर. कापडाच्या एका इंचात जितके आडवे धागे तितके पीक. पिकाला 6 पैसे धरले तर 52 पिकाच्या कापडाला मीटरमागे 3 रुपये 12 पैसे होतात. त्या 3 रुपये 12 पैशांतून विणकराची मजुरी, कांडीवाला, जॉबर, घडी करणारा, तेल, धोटे, पट्टे, वीजबिल आणि शेडचं भाडं. उरेल ते मालकाचं. भाव पिकाला अर्ध्या पैशानं घसरला तर बाहेरच्या माणसाला काही वाटत नाही. त्याच कापडाला मात्र मीटरमागे 26 पैसे जातात आणि मालकाचा सगळा उरलेला वाटा तेवढाच असू शकतो.

हे गणित तो बोटांवर करायचा आणि व्यापाऱ्याच्या आधी त्याचं उत्तर तयार असायचं. मुलाला हे गणित येत नाही असं नाही. त्यानं ते करून बघितलं, म्हणूनच विकले.

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "मुलानं मागांना निरोप दिला." समासात त्याचं अक्षर लगेच दिसलं: "निरोप काय, भंगारात घातले म्हण." वाक्य खोडलं.

मंगळवार, 6 मे

औदुंबरला जाऊन आलो. पहाटे गाडी काढली, कर्नाळ, नांद्रे, वसगडे, भिलवडी, आणि पूल ओलांडून पलीकडे. नदी आटलेली, घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या. दत्ताच्या पादुकांचं दर्शन घेतलं आणि झाडाखाली बसलो.

मी इथं दर्शनाइतकाच आणखी एका कारणासाठी येतो. 1939 साली इथल्या काही तरुणांनी सदानंद साहित्य मंडळ काढलं. त्यांच्यात हणमंत नरहर जोशी होते, तेव्हा बाविशीतले. पुढं ते कवी सुधांशु म्हणून सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाले, 'दत्त दिगंबर दैवत माझे' घराघरांत गेलं. म. भा. भोसले त्यांच्या सोबत होते. मंडळाला त्यांनी कुठल्या थोर पुरुषाचं नाव दिलं नाही. अकाली गेलेल्या मित्राचं दिलं, सदानंद सामंत याचं. त्या मंडळाचं साहित्य संमेलन संक्रांतीला इथं कृष्णाकाठी भरतं. खेड्यातल्या लोकांसमोर मोठमोठे लेखक बोलून गेले, पिढ्या बदलल्या, सुधांशु स्वतः 2006 मध्ये गेले, तरी संक्रांत आली की मंडप पडतो. आमच्या जिल्ह्यात मित्राची आठवण दरवर्षी पाळण्याचं याच्याएवढं जुनं आणि याच्याएवढं मोठं काम मला दुसरं दिसत नाही.

संक्रांतीचा दिवस त्यांना चांगला सापडला असं मला वाटतं. ती चंद्रावर चालत नाही, सूर्यावर चालते. म्हणून 14 किंवा 15 जानेवारी सोडून जात नाही. पुढं सरकते तीही सत्तरएक वर्षांत एक दिवस. तिथी आणि तारीख यांचं भांडण तिथं उभंच राहत नाही. पंचांग बघणारा आणि कॅलेंडर बघणारा दोघंही त्याच दिवशी घाटावर येतात.

आम्ही दोघं तरुणपणी इथं आलो होतो. भाषणं सुरू असताना तो माझ्या कानात म्हणाला, "हा सदानंद कसा होता ते कुणी सांगणार आहे का?" मी त्याला गप्प केलं. आज तोच प्रश्न घेऊन बसलो. मंडपात आता येणाऱ्यांनी सदानंदला पाहिलेलं नसतं. तो कसा चालायचा, कशावर चिडायचा, कुणाची उधारी बुडवायचा, हे ज्यांना ठाऊक होतं ते गेले. संस्थेनं नाव टिकवलं, आणि हजारो माणसांना एकमेकांच्या शेजारी बसवलं. माणूस टिकवणं हे संस्थेचं काम नव्हतं. ते फक्त ज्यानं त्याला पाहिलं त्यालाच करता येतं, आणि तो आहे तोवरच.

येताना भिलवडीत चहा घेतला. माग विकल्याचा परिच्छेद सापडल्यासारखा वाटला.

शुक्रवार, 9 मे

पत्राचा कच्चा भाग झाला, म्हणून आज जुनी पत्रं काढली. अपेक्षेप्रमाणे एक प्रसंग दोन रूपांत सापडला. 2019 चा पूर.

त्या ऑगस्टच्या 9-10 तारखेला आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर होती. 45 फुटांना धोक्याची पातळी असते. गावभाग, मारुती चौक पाण्याखाली. त्यानं माग बंद केले आणि शेडमध्ये माणसं घेतली. एका वर्षीच्या पत्रात लिहिलं आहे की गावभागातले त्याचे मामेभाऊ आले तेव्हा तो त्यांच्या गळ्यात पडून रडला. दुसऱ्या वर्षीच्या पत्रात तो रडत नाही, सगळ्यांसाठी स्वतः भात शिजवतो. दोन्हीत तो मऊ आहे. तीच शंकेची गोष्ट.

संध्याकाळी वहिनींना विचारलं. त्यांनी भाजी निवडत निवडत सांगितलं.

"रडले कुठं? आणि भात आम्ही बायकांनी केला. त्यांनी काय केलं ते सांगते. मेन स्विच काढून खिशात घातला, कुणी पोरानं चुकून माग चालू करू नये म्हणून. मागांच्या मधल्या जागेत कुणालाही झोपू दिलं नाही. दारात टेबल टाकून वही घेऊन बसले. नाव, किती माणसं, कुणाला शुगर, कुणाला बीपी, कुठली गोळी. तुम्ही म्हणालात, लोक भिजून आलेत आणि तू वही काय भरतोस. त्यावर भांडलात की तुम्ही दोघं."

भांडण आठवलं. मग त्या विडीवाल्याचं सांगितलं त्यांनी. रात्री एकानं शेडच्या कोपऱ्यात विडी पेटवली. मागाखाली सुताची बारीक धूळ साचलेली असते, ठिणगी पडली तर पेट घ्यायला क्षण लागत नाही. यानं त्या माणसाला दंड धरून बाहेर काढलं आणि सकाळपर्यंत पत्र्याच्या पडवीत बसवलं. स्वतःही त्याच्या शेजारी बसला. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

"आणि ती वही?" मी विचारलं.

"आहे की. दुसऱ्या दिवशी औषधं आणायला पोरं त्याच वहीवरून गेली."

पत्रातला पुराचा परिच्छेद आज नव्यानं लिहिला. वही, खिशातला स्विच, विडी, पडवी. रडणं आणि भात काढून टाकले. तो आता पुन्हा ओळखीचा दिसतो. मला वाटतं, साक्षीदार शिल्लक आहेत तोवर दरवर्षी एक तरी आठवण अशी तपासून घ्यावी. वहिनींना पुष्कळ ठाऊक आहे आणि विचारल्याशिवाय त्या सांगत नाहीत.

रविवार, 11 मे

भाची पुण्याहून आली आहे. मानसशास्त्र शिकते. टेबलावरचे कागद बघून म्हणाली, "मामा, हे तू दरवर्षी करतोस?" मग तिनं तिच्या अभ्यासातलं सांगितलं. 1986 साली जेम्स पेनेबेकर यांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत जड गोष्टीबद्दल लिहायला लावलं. असं लिहिणाऱ्यांचं पुढच्या महिन्यांत दवाखान्यात जाणं कमी झालं. त्यावर मग जगभर प्रयोग झाले. पण जोडीदार गेलेल्या माणसांवर नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तसाच प्रयोग केला, 2002 मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि लिहिणाऱ्यांचं दुःख न लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर उतरलं असं दिसलं नाही.

"म्हणजे उपयोग नाही?" बायकोनं आतून विचारलं.

भाची म्हणाली, दुःख उतरवायचं हा हेतू असेल तर खात्री देता येत नाही. पण 1996 मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांनी एक पुस्तक काढलं. त्याआधी असं धरत की गेलेल्या माणसाशी नातं तोडता आलं म्हणजे माणूस बरा झाला. या तिघांनी दाखवलं की पुष्कळ माणसं नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलून ते चालू ठेवतात, आणि नीट जगतात.

मला हे ऐकून बरं वाटलं, तरी माझा हेतू त्यातही पूर्ण बसत नाही. मी बरं होण्यासाठी लिहीत नाही. माझ्याकडे त्याच्या वाट्याच्या बातम्या साचतात. कुणाची मुलगी कुठं दिली, कुणाची शेड बंद झाली, कुणी पैसे परत केले. त्या दुसऱ्या कुणाला सांगून भागत नाही, कारण दुसऱ्या कुणाला त्यांची मागची पन्नास वर्षं माहीत नाहीत. मी त्या त्याला पोचवतो.

भाचीनं एक सावधगिरीची गोष्ट सांगितली, ती मात्र लिहून ठेवतो. पत्र लिहून झाल्यावर पुढचे बरेच दिवस जेवण, झोप, कामधंदा सुटत असेल, किंवा तेच तेच दृश्य डोळ्यांपुढून हलत नसेल, तर पत्र बाजूला ठेवायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. पहिल्या वर्षी माझं तसं होत होतं. तेव्हा पत्रात फक्त दवाखाना होता, शेवटचे फोन होते, लांबून पाहिलेली चिता होती. दुसऱ्या वर्षापासून माणूस आला.

सोमवार, 12 मे. बुद्धपौर्णिमा

रात्री दोनला जाग आली. दरवर्षी तारखेच्या आधी दोन-तीन रात्री असं होतं, कॅलेंडरकडे बघितलं नाही तरी. तिथीला होत नाही. बहुधा शरीरानं उन्हाची आणि त्या आठवड्याच्या फोनांची खूण धरली आहे, चंद्राची नाही. उठून पाणी प्यालो, पत्राचा शेवट लिहायला बसलो नाही. रात्री लिहिलेलं सकाळी पुण्यस्मरणाच्या चौकटीत जाऊन बसतं.

बुधवार, 14 मे

सकाळी थोरल्यानं फोटो टाकला. दुपारी सव्वादोनच्या आत पत्र पूर्ण केलं. पाकिटावर साल घालून पेटीत ठेवण्यापूर्वी शेवटचा भाग इथं उतरवून घेतो.

*"…तर आता मागांचं. फाल्गुनात विकले. सगळे. तुझा मुलगा दोन वर्षं रेटत होता. दिवसा नोकरी आणि रात्री शेड. पिकाची मजुरी तू गेलास तेव्हा होती तिथून फारशी हलली नाही, वीजबिल हलत राहिलं, आणि विणकर मिळेनात. रात्रपाळीला दोन माग चालू आणि बाकीचे उभे, अशी वेळ आली. त्यानं आधी चालू स्थितीत विकायचा प्रयत्न केला. विट्याचे एकजण बघून गेले आणि म्हणाले, साधे माग आता आम्हीच काढतोय. म्हणून भंगार.*

*तू त्याच्यावर चिडशील. चीड. पण त्यानं मला न विचारता केलं नाही, आणि त्याच्या आईलाही विचारलं. वहिनी म्हणाल्या, 'त्यांनी सुरू केले तेव्हा त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.' मी गणित घालून बघितलं, तुझ्याच पद्धतीनं, बोटांवर. आणखी एक वर्ष ठेवले असते तर घर गहाण पडलं असतं. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही. वही तुझ्या समोर ठेवून सांगतोय.*

*जॉबरनं चालते गिअर, स्टार्टर, नवे धोटे आधी काढून घेतले. इचलकरंजीत त्याचा मेहुणा अजून साधे माग चालवतो, त्याला सुटे भाग लागतात. त्याचे पैसे त्यानं रोख दिले. विजेचं कनेक्शन रीतसर बंद केलं, थकबाकी भरली, अनामत रक्कम परत आली. कामगारांची देणी त्यातून दिली. कांडीवाल्या म्हातारीचे तुझ्याकडे राहिलेले पैसे तू शेवटच्या फोनवर मला सांगितले होतेस, तेही दिले. तिनं मोजून घेतले आणि म्हणाली, मालकाच्या लक्षात होतं तर.*

*शेड आता गोदाम म्हणून भाड्यानं गेली आहे. खताची पोती असतात. तुझी खोली, ती टेबलाची, कुलूप लावून ठेवली आहे, कारण पुराची वही आणि बाकीचे कागद तिथं आहेत. कुठले ठेवायचे आणि कुठले रद्दीत घालायचे ते पावसाळ्यात मी आणि वहिनी बसून ठरवू. तुझ्या अक्षरातलं काही मी रद्दीत जाऊ देणार नाही, बाकी पावत्यांचं बघू.*

*माझं एक काम अडलं आहे. भाचीच्या लग्नाला घर दुरुस्त करायचं म्हणतात, मला वाटतं नंतर करावं. तू असतास तर आधी पत्रा बदल म्हणाला असतास. बहुतेक तेच करीन.*

*भाव विचारशील. किलोला 34 रुपये मिळाले. घेणाऱ्यानं 31 ला सुरू केलं होतं. मुलगा 33 वर थांबला होता, शेवटचा एक रुपया मी काढला. तू 36 ला नेलं असतंस, मला मान्य आहे. गाडी दोन वेळा भरली. काट्याच्या दोन्ही पावत्या या पत्राला टाचल्या आहेत, बेरीज करून बघितली आहे. रिकाम्या गाडीचं वजन वजा करताना कोण उभं होतं असं तू समासात लिहिणार, म्हणून आधीच सांगतो. दोन्ही वेळा काट्यावर मी उभा होतो."*